तिकीट सगळ्यांचं, पण या आठवड्यात ‘सगळे’ म्हणजे कोण?

*सप्रेम नमस्कार. आमच्या ऑफिसात आम्ही बाराजण दर आठवड्याला मिळून लॉटरीची तिकिटं काढतो. पैसे मी गोळा करते, तिकिटं माझ्याच ड्रॉवरमध्ये असतात. तीन वर्षं सगळं तोंडी चाललं. मागच्या महिन्यात एक छोटं बक्षीस लागलं, आणि त्या आठवड्यात रजेवर असलेल्या एका सहकाऱ्याने हिस्सा मागितला. त्याचे पैसे आलेले नव्हते. “मी नेहमीच असतो की,” असं त्याचं म्हणणं. याआधी दोनदा मी त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले होते, हेही खरं. आता सगळे म्हणतात, लेखी नियम कर. काय लिहू? तिकीट कुठे ठेवू? आणि खरंच मोठं बक्षीस लागलं तर काय करायचं?*

*– हिशेब ठेवणारी*

ताई, आधी त्या सहकाऱ्याचा हिस्सा देऊन टाका. पैसे न भरता हिस्सा मागणं मला पटतं म्हणून नव्हे. तुम्ही दोनदा त्याच्यासाठी भरलंत, म्हणजे “हा रजेवर असला तरी धरलेलाच असतो” अशी रीत तुम्हीच पाडलीत. तिसऱ्या वेळी तो तेच गृहीत धरून बसला, यात त्याची लबाडी दिसत नाही. रक्कम लहान आहे, तोवर हे मिटवा आणि पुढच्या कागदावर पहिली ओळ अशी लिहा की हा प्रश्न परत कुणाच्या तोंडी येणार नाही.

मीही एका ठिकाणी नऊ वर्षं असा गट सांभाळला आहे आणि नंतर दोन-तीन गटांना नियम लिहून दिले आहेत. माझ्या पाहण्यातली जवळजवळ सगळी भांडणं एकाच प्रश्नावर झाली: या सोडतीच्या या तिकिटात कोण होतं? बक्षीस किती, वाटणी कशी, कर किती, हे सगळं नंतर मार्गी लागतं, कारण तिथे आकडेमोड असते. ‘कोण होतं’ याचं उत्तर मात्र सोडत झाल्यावर कुणालाच प्रामाणिकपणे देता येत नाही. निकाल कळला की प्रत्येकाची आठवण आपल्या बाजूने झुकते, तुमची माझीसुद्धा. म्हणून ते उत्तर सोडतीच्या आधी कागदावर असायला हवं.

त्यासाठी दोन वेगळे कागद करा. एक करार, जो एकदाच लिहायचा आणि सगळ्यांनी सही करायची. दुसरी यादी, जी दर सोडतीला नवी करायची. बरेच गट करार छान लिहितात, खाली बारा सह्या घेतात आणि यादी करतच नाहीत. मग पाचव्या महिन्यात कुणी सोडून गेलेलं असतं, कुणी नवीन आलेलं असतं, आणि करारावर मात्र तीच बारा नावं असतात. करार हा नियम सांगतो. मालकी यादी सांगते.

तुमची सोडत शनिवारी संध्याकाळी असते असं धरू. वर्गणी गुरुवारी ऑफिस सुटेपर्यंत तुमच्या हातात किंवा खात्यात यायला हवी. ज्याची आली तो आत, ज्याची आली नाही तो त्या सोडतीपुरता बाहेर. “देतो नंतर” चालणार नाही आणि तुम्ही कुणाच्या वतीने भरणार नाही. हा शेवटचा भाग करारात शब्दशः लिहा, कारण नियम मोडण्याचा मोह सगळ्यात आधी हिशेब ठेवणाऱ्यालाच होतो. आपल्याला वाईटपणा नको असतो. ज्याला रजेवर जायचंय त्याने चार आठवड्यांचे पैसे आगाऊ द्यावेत. ते यादीत ‘आगाऊ’ म्हणून दिसतील. गुरुवारी संध्याकाळी यादी गटाला पाठवा: सोडतीची तारीख, प्रत्येकाचं नाव, त्याचे भाग, एकूण भाग, एकूण रक्कम. कुणाला हरकत असेल तर शुक्रवारी सकाळी दहापर्यंत सांगावं. त्यानंतर तिकिटं काढा आणि त्यांचे फोटो त्याच संदेशाखाली टाका. आकडे आणि सोडतीची तारीख स्पष्ट दिसू द्या. बारकोड मात्र कागदाच्या पट्टीने झाका. त्या संदेशावर वेळ आपोआप उमटते आणि ती सोडतीच्या आधीची असते. पुढे वाद झालाच तर हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

‘भाग’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माणसं मोजू नका, भाग मोजा. कुणाला दोन भाग घ्यायचे असतात, कुणाला एकही झेपत नाही. केरळमधल्या परप्पनंगडी नगरपालिकेत हरित कर्म सेनेच्या, म्हणजे घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या, अकरा महिलांनी २०२३ मध्ये मिळून २५० रुपयांचं एक मान्सून बंपर तिकीट काढलं आणि त्याला १० कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. नऊजणींनी २५ रुपये दिले होते. उरलेल्या दोघींनी मिळून एक २५ भरले, साडेबारा-साडेबारा. म्हणजे माणसं अकरा, पण भाग दहा. हे आधीच ठरलेलं नसतं तर ‘सगळ्यांना सारखं’ म्हणणाऱ्या आणि ‘दिलं तेवढं’ म्हणणाऱ्या, दोघींचंही आपापल्या परीने खरं ठरलं असतं.

आता तुमच्या गटावर एक सोडत लावून बघू. बाराजणांपैकी दोघांचे दोन-दोन भाग आहेत, म्हणजे एरवी एकूण १४ भाग. या आठवड्यात एक भागवाला रजेवर आहे आणि गुरुवारपर्यंत त्याचे पैसे आले नाहीत. यादीत अकरा माणसं आणि १३ भाग. तिकिटांपैकी एकाला २६ लाखांचं बक्षीस लागलं, चलन कुठलंही धरा. त्यातून समजा ५ लाख २० हजार कर कापला गेला, उरले २० लाख ८० हजार. त्याला १३ ने भागा: एका भागाला १ लाख ६० हजार, दोन भागवाल्यांना ३ लाख २० हजार. आता रजेवरचा माणूस म्हणाला, मीही आहे. त्याला धरून १४ ने भागलं तर एका भागाला येतात १ लाख ४८ हजार ५७१. म्हणजे प्रत्येक भागातून ११ हजार ४२९ कमी झाले. “जाऊ दे, घेऊ त्याला” असं म्हणणारा एखादा असतोच, पण तो बाकीच्यांच्या भागातून ते म्हणत असतो. त्यामुळे करारात हेही लिहा की सोडतीनंतर यादीत नाव घालायचं झालं तर यादीतल्या प्रत्येकाची लेखी संमती लागेल, बहुमत पुरणार नाही.

यानंतर एक कलम तुमच्यासाठी, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे गोळा करणारी व्यक्ती स्वतःचं वेगळं तिकीट काढते का? काढत असाल तर त्याच वेळी, त्याच दुकानातून काढू नका. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात बांधकाम कामगारांचा असा एक गट होता. त्यांच्यासाठी तिकिटं काढणाऱ्या माणसाला २००९ मध्ये ३ कोटी ८५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं. त्याचं म्हणणं पडलं की हे तिकीट माझं स्वतःचं, गटाचं नव्हे. पाच सहकारी कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये ज्यूरीने त्या पाचजणांच्या बाजूने कौल दिला. मला त्यातला निकालापेक्षा वेळ जास्त डोळ्यांत भरतो. जे सोडतीआधी काढलेल्या एका फोटोने कळलं असतं, त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आणि उलट बाजूही पाहा. एखादी अगदी सरळ बाई असेल, तिचं खरंच स्वतःचं तिकीट लागलं असेल, पण फोटो नसेल, तर तिच्यावर तरी कोण विश्वास ठेवणार? म्हणून लिहा: सोडतीआधी ज्यांचे फोटो गटात आले तीच गटाची तिकिटं, ज्यांचे आले नाहीत ती काढणाऱ्याची वैयक्तिक. तिकीट काढणाऱ्याने फोटो टाकायचा राहिला, तर गटातल्या कुणीही शुक्रवारी संध्याकाळी तो मागायचा. मागणं हा अविश्वास नाही, हेही त्याच ओळीत लिहायला हरकत नाही.

आणखी एक वाक्य तुमच्या रक्षणासाठी हवं. एखाद्या शुक्रवारी तुम्ही आजारी पडाल, तिकीट काढायचं राहून जाईल, आणि गट दर वेळी तेच आकडे लावत असेल तर नेमके ते आकडे त्या दिवशी निघतील. असं झालं तर तुम्ही फक्त त्या आठवड्याची वर्गणी परत करायची, न मिळालेल्या बक्षिसाची जबाबदारी तुमच्यावर नाही. तिकीट हरवलं, फाटलं, आणि त्यात वाईट हेतू नव्हता, तरी तेच. हे वाक्य नसेल तर मी कुणालाही हे काम स्वीकारू नका असंच सांगेन. बिनमोबदल्याच्या कामापायी एवढा धोका कुणी डोक्यावर घेऊ नये. शिवाय तुमच्या जागी दुसरं कोण, त्याचं नाव आजच करारात घाला, म्हणजे तुम्ही नसाल त्या आठवड्यात पैसे आणि यादी त्यांच्याकडे जाईल.

छोट्या बक्षिसांचा नियम लोक विसरतात, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा लागतो. ब्रिटनच्या लोट्टोचं उदाहरण घ्या, तिथे ५९ मधून सहा आकडे निवडायचे असतात. सहाही जुळण्याची शक्यता साडेचार कोटींत एक आहे. पण काहीतरी, अगदी छोटं का होईना, लागण्याची शक्यता सुमारे ९.३ मध्ये एक. १४ तिकिटं घेणाऱ्या गटाला त्या हिशेबाने पाचपैकी चार आठवडे काही ना काही लागेल. म्हणजे जॅकपॉटचं कलम बहुधा कधीच उघडणार नाही, आणि चिल्लर बक्षिसाचं कलम दर आठवड्याला.

इथे एक बारीक गाठ आहे. त्याच लोट्टोमध्ये दोन आकडे जुळले की पैसे मिळत नाहीत, पुढच्या सोडतीचं एक तिकीट फुकट मिळतं. ते फुकटचं तिकीट कुणाचं? मागच्या आठवड्याच्या यादीतल्यांचं की या आठवड्याच्या? आपल्या उदाहरणातला रजेवरचा माणूस परत आला, त्याने या आठवड्याची वर्गणी भरली, आणि मागच्या आठवड्याच्या १३ भागांतून मिळालेल्या फुकटच्या तिकिटाला मोठं बक्षीस लागलं. त्याचा हक्क आहे का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही, कारण ज्या पैशातून ते तिकीट आलं त्यात त्याचा पैसा नव्हता. पण नियम लिहिलेला नसेल तर तो म्हणणार, तिकीट या आठवड्याचं आहे आणि मी या आठवड्यात आहे. ते ऐकायलाही चुकीचं वाटत नाही. तेव्हा फुकटच्या तिकिटाचा फोटो टाकताना त्याखाली ‘अमुक तारखेच्या यादीचं’ एवढं लिहा.

रोख छोट्या बक्षिसांचंही तसंच. बहुतेक गट ती रक्कम पुढच्या तिकिटांत घालतात, कारण प्रत्येकाला दहा-वीसची वाटणी करत बसणं जिवावर येतं. मी ते करू नका म्हणते. एकदा का मागच्या यादीचे पैसे पुढच्या तिकिटात गेले की दोन याद्यांची सरमिसळ होते, आणि तीन महिन्यांनी तिकीट नेमकं कुणाच्या पैशाचं हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी एक वही ठेवा: सोडतीची तारीख, लागलेली रक्कम, भाग, भागाला किती. पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी भागाप्रमाणे वाटून टाका. ज्याने मधेच गट सोडला त्याचेही तोवरचे पैसे त्या वहीत दिसतात.

तिकीट ठेवण्याविषयी. ड्रॉवर पुरेसा नाही, आणि कारण फक्त चोरी नाही. दुकानातल्या मशिनमधून छापून येणारी तिकिटं पुष्कळ ठिकाणी थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसतेच. उष्णतेने कागदच काळा होतो. तुमचं तिकीट तसलं आहे का हे पाहायला एखादं जुनं, न लागलेलं तिकीट घ्या आणि कोऱ्या कडेवर नख जोरात घासा. करडी-काळी रेघ उमटली तर थर्मल. अशा तिकिटाला लॅमिनेशन करायला गेलात तर सगळं काळं होऊन बसेल. उन्हात तापलेल्या गाडीत तेच होतं. सॅनिटायझर सांडला तर छपाई खराब होऊ शकते, आणि मऊ प्लास्टिकच्या चकचकीत कप्प्यात महिनोन्‌महिने ठेवलं तर छपाई फिकी पडते. कितीतरीजण ‘जपून ठेवायचं’ म्हणून नेमकं तेच करतात. साधा कागदी लिफाफा घ्या, वर सोडतीची तारीख लिहा, आत यादीची प्रत ठेवा, आणि तो कुलूपबंद पेटीत सावलीत राहू द्या. लिफाफा कुठे आहे ते तुमच्याखेरीज आणखी एकाला माहीत असावं आणि त्या दोघांची नावं करारात असावीत. फोटो असला म्हणजे तिकीट नसलं तरी चालेल, असं समजू नका. फोटो तुमच्यातला वाद मिटवतो. कागदी तिकिटावर बक्षीस मागायचं तर मूळ तिकीटच लागतं.

तिकिटाच्या मागे सहीची जागा असते. कोऱ्या पाठीचं तिकीट ज्याच्या हातात तो त्याचा मालक, असाच व्यवहार बहुतेक ठिकाणी होतो, त्यामुळे सही काढतानाच करावी. गटाच्या तिकिटावर कोणी आणि कशी सही करायची हे मात्र तुमच्या लॉटरीच्या नियमांत बघून घ्या, कारण काही ठिकाणी ज्याची सही तोच दावेदार धरला जातो. ‘गटाच्या वतीने’ असं लिहून सही चालत असेल तर तसंच करा आणि पाठीचाही फोटो टाका. न लागलेली तिकिटंसुद्धा दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय फेकू नका. मी स्वतः एकदा तारीख चुकीची वाचून लागलेलं तिकीट टोपलीत टाकलं होतं. पाठीमागे बसणाऱ्या सहकाऱ्याने ते उचलून पुन्हा पाहिलं म्हणून वाचलं. रक्कम फार नव्हती, पण त्या दिवसापासून आमच्याकडे दोन जोड डोळे हा नियम झाला.

मोठं बक्षीस लागलं तर त्या रात्री करायचं काम फार थोडं असतं. लॉटरीच्या अधिकृत निकालाशी दोघांनी वेगवेगळे आकडे, तारीख, मालिका जुळवून पाहायची. त्या सोडतीच्या यादीतल्यांनाच कळवायचं. तिकिटाचा फोटो बाहेर कुठेही टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट, करार आणि यादी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलाकडे, दोघांनी मिळून. मग मुदत पाहायची: केरळ राज्य लॉटरीत तिकीट ३० दिवसांत सादर करावं लागतं, ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १८० दिवस मिळतात. तुमच्या लॉटरीची मुदत आजच करारात लिहून ठेवा, तेव्हा शोधत बसायला नको.

खरी चूक त्यानंतर होते. “तू जाऊन घेऊन ये, मग वाटू,” असं म्हणत सगळे एकाला पाठवतात आणि सगळी रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात येते. त्या दिवसापासून कागदोपत्री बक्षीस त्याचं एकट्याचं असतं. कराची नोंद त्याच्या नावे. इतरांना दिलेले पैसे कराच्या नजरेत भेट ठरू शकतात. ब्रिटनमध्ये तर नेमक्या याच कारणासाठी गटांना लेखी करार आधी करायला सांगतात, म्हणजे वाटणी ही वाटणीच दिसते. त्याच्यावर कर्ज असेल तर ते पैसे अडकू शकतात. आणि वाटणीआधी तोच गेला, तर बाकीच्यांना त्याच्या वारसांशी बोलणी करावी लागतात. म्हणून दावा करण्याआधी लॉटरीच्या कार्यालयाला विचारा: गटाच्या नावे, प्रत्येकाचा हिस्सा दाखवून दावा करता येतो का? अमेरिकेत त्यासाठी फॉर्म ५७५४ आहे. त्यात प्रत्येक भागीदाराचं नाव आणि हिस्सा भरला जातो आणि कराची नोंद ज्याची त्याच्याकडे जाते. तुमच्याकडे तशी सोय नसेल आणि एकाच नावाने दावा करावा लागणार असेल, तर पैसे येण्यापूर्वीच यादी जोडून वकिलाकडून एक पान करून घ्या की हा माणूस फक्त सगळ्यांच्या वतीने रक्कम स्वीकारतोय, आणि रक्कम दोन सह्यांच्या खात्यात घ्या. करसल्लागार आणि वकिलाची फी वाटणीआधी एकूण रकमेतून जावी.

काही गोष्टी एकेका ओळीत लिहिल्या तरी पुरतात. नोकरी सोडली तरी ज्या सोडतीच्या यादीत नाव होतं तिचा हिस्सा राहतो. सभासद वारला तर हिस्सा त्याच्या वारसांचा. बक्षीस एकरकमी घ्यायचं की हप्त्यांनी, असा पर्याय असेल तर सगळे एकमत नसल्यास एकरकमी, कारण वीस वर्षं एकमेकांना बांधून ठेवणारा गट कुणालाच नको असतो. नावं जाहीर करायची की नाही हे तुमच्या हातात असेल, तर एकाचीही हरकत असल्यास जाहीर करायची नाहीत. आणि आधी एवढं बघा की तुमच्या भागात लॉटरी कायदेशीर आहे आणि ऑफिसच्या नियमांत असा गट चालतो. चालत नसेल तर पैसे आणि याद्या ऑफिसच्या ईमेलवरून फिरवू नका, गटच ऑफिसच्या बाहेर न्या.

कराराची भाषा साधी ठेवा. सुरुवात अशी करता येईल: “आम्ही खाली सही करणारे दर सोडतीसाठी स्वेच्छेने वर्गणी भरून एकत्र तिकिटं काढतो. प्रत्येक सोडतीच्या तिकिटांची मालकी त्या सोडतीच्या यादीत नाव असलेल्यांची, यादीतल्या भागांच्या प्रमाणात. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत वर्गणी न आल्यास त्या सोडतीत नाव नाही; कुणीही दुसऱ्याच्या वतीने उधारीवर भरणार नाही.” त्याखाली वर सांगितलेली कलमं तुमच्या शब्दांत. दोन पानांपेक्षा मोठं होऊ देऊ नका, नाहीतर कुणी वाचणार नाही. तारीख घालून सगळ्यांच्या सह्या घ्या, प्रत प्रत्येकाला द्या, आणि नवीन माणूस आला की पहिली वर्गणी घेण्याआधी त्याची सही घ्या.

सह्या घ्यायच्या दिवशी त्या रजेवरच्या सहकाऱ्याला सगळ्यात आधी बोलवा. मागच्या बक्षिसाचा त्याचा हिस्सा त्याच्या हातात द्या, वहीत तशी नोंद करून त्याची सही घ्या, आणि मग कराराचं पान त्याच्यापुढे ठेवा. तो त्या पहिल्या ओळीला काही बोलला तर बोलू द्या. गुरुवारची वेळ त्याला गैरसोयीची असेल तर सगळ्यांना विचारून बुधवार करा, पण एकदा लिहिलेली वेळ मात्र त्याच्यासाठी, आणि तुमच्यासाठीसुद्धा, पाच मिनिटांनीही पुढे सरकू देऊ नका.